एफ ८.६४ आला, पण आधी फोटोतला एक आकडा पाहा

प्रश्न: सर, हरभऱ्यात जिवाणू संवर्धनाची बीजप्रक्रिया न केलेली (अ) आणि केलेली (ब) अशा झाडांचं प्रतिझाड दाण्याचं वजन ग्रॅममध्ये घेतलं आहे. अ मध्ये १० झाडं, ब मध्ये ८. वही प्रक्षेत्रावरच राहिली, म्हणून मोबाईलवर काढलेल्या फोटोवरून एक्सेलमध्ये टाईप केलं. व्हेरियन्स रेशो एफ = ८.६४ आला, टेबलात ३.२९ आहे. म्हणजे पूल्ड टी चालणार नाही ना? मग कुठली टी वापरू? फोटो आणि टाईप केलेले आकडे जोडले आहेत.

उत्तर:

फोटो मोठा करून पाहिला. ब रकान्यातला दुसरा आकडा तुम्ही १७.५ टाईप केला आहे. वहीत आकडे इंग्रजीत लिहिले आहेत आणि लिहिणाऱ्याला एकाला वरून छोटी शेंडी काढायची सवय आहे. अ रकान्यातलं ११.२ बघा, त्यातल्या दोन्ही एकांना तशीच शेंडी आहे. ब मधल्या या आकड्यावर पानाच्या घडीची सावली पडली आहे, त्यामुळे शेंडी लांबट दिसते आणि एकाचा सात होतो. माझ्या मते तो आकडा ११.५ आहे.

नुसत्या नजरेवर मी हे म्हणत नाही. फोटोच्या अगदी खालच्या कडेला, अर्धी कापली गेलेली, दोन्ही रकान्यांची बेरीज लिहिलेली आहे: अ ची ११७.० आणि ब ची १०२.०. तुम्ही टाईप केलेल्या अ ची बेरीज ११७.० च येते. ब ची मात्र १०८.० येते. फरक बरोबर ६.० चा, म्हणजे एककाच्या जागी एकाचा सात झाला तर पडेल तेवढाच. बाकी सात आकडे मी फोटोशी एकेक करून ताडले, ते जुळतात.

बेरजेतला फरक चूक कुठल्या प्रकारची आहे हेही सांगतो, म्हणून तो नुसता 'जुळत नाही' म्हणून सोडू नये. फरकातलं दशांशचिन्ह काढून टाकल्यावर उरलेल्या संख्येला नऊने भाग गेला, तर बहुतेक वेळा आकड्यांची अदलाबदल झालेली असते (१३.६ चं १६.३, फरक २.७) किंवा दशांशचिन्ह निसटलेलं असतं (१२.९ चं १२९, फरक ११६.१). नऊने भाग जात नसेल, तर तुमच्यासारखा एखादा अंक चुकीचा वाचलेला असतो. फोटोवरून उतरवलेल्या आकड्यांवर मी कुठलीही चाचणी लावण्याआधी हे करतो. प्रबंधांचे आकडे तपासायचं काम बरीच वर्षं करतो आहे, आणि 'व्हेरियन्स वेगळे आले' म्हणून आलेल्या तक्त्यांत कितीतरी वेळा शेवटी एकच अंक दोषी निघाला आहे.

फोटोत आणखी एक गोष्ट आहे. ब रकान्यात शेवटच्या दोन ओळींत आडवी रेघ आहे आणि बाजूला 'मर' लिहिलं आहे. ही दोन झाडं मर रोगाने गेली. तुम्ही त्या जागा रिकाम्या ठेवल्या, ते योग्य केलं. तिथे शून्य टाकलं असतं तर ११.५ धरून ब ची सरासरी १०.२ झाली असती, म्हणजे अ पेक्षाही कमी, आणि एफ ८२ च्या आसपास गेला असता. पण ही दोन झाडं प्रबंधातून गायब करू नका. टी चाचणी जगलेल्या झाडांच्या वजनापुरतीच बोलते, म्हणून तक्त्याखाली 'ब मधली १० पैकी २ झाडं मर रोगाने गेली' ही ओळ हवीच.

आता गणित. अ ची सरासरी ११.७०, विचलनांच्या वर्गांची बेरीज ३.२४, ती ९ ने भागली की व्हेरियन्स ०.३६. इथे सगळं ठीक आहे. ब मध्ये १७.५ धरलं तर सरासरी १३.५०, वर्गांची बेरीज २१.७८, व्हेरियन्स ३.११, आणि ३.११ भागिले ०.३६ म्हणजे तुमचा ८.६४. ११.५ धरलं तर सरासरी १२.७५, वर्गांची बेरीज ५.२८, व्हेरियन्स ०.७५४ आणि एफ २.१०. एका शेंडीने एफ चौपट केला.

असं का होतं ते समजून घ्या. १३.५० सरासरीपासून १७.५ चं विचलन ४.० आहे, वर्ग १६. ब गटाच्या एकूण २१.७८ पैकी १६ या एकट्या आकड्याचे, बाकी सात झाडांचे मिळून पावणेसहा. व्हेरियन्समध्ये अंतराचा वर्ग होतो, म्हणून दूर गेलेला एक आकडा बाकी सगळ्यांचा आवाज दाबतो. एफ म्हणजे दोन व्हेरियन्सचा भागाकार, त्यामुळे तो दणका एफला थेट बसतो.

आणि टी? चुकीच्या आकड्यांवर पूल्ड टी ३.०३ येते. दुरुस्त आकड्यांवरही ३.०३ च येते! मी दोनदा करून पाहिलं. १७.५ मुळे सरासऱ्यांमधला फरक १.०५ वरून १.८० झाला आणि त्याच वेळी स्टँडर्ड एररही ०.३४६ वरून ०.५९३ झाली. दोन्ही जवळजवळ सारख्याच पटीत वाढल्या, म्हणून भागाकार जागच्या जागी राहिला. यात मोठा धोका आहे. नुसती टी आणि पी व्हॅल्यू पाहणाऱ्याला कधीच कळलं नसतं की बीजप्रक्रियेचा फायदा १.०५ ग्रॅमऐवजी १.८० ग्रॅम लिहिला गेला. तुमच्या एफ चाचणीने इथे खरं मोल दिलं ते हे: तिने आकड्यांकडे परत पाहायला लावलं. ती चाचणी केलीत हे बरं केलंत.

टेबलाची गोष्टही दुरुस्त करायला हवी. ३.२९ ही ७ आणि ९ डिग्री ऑफ फ्रीडमची, वरच्या एका टोकातल्या ५ टक्क्यांची किंमत आहे. तुमचा प्रश्न मात्र 'दोन व्हेरियन्स वेगळे आहेत का' असा आहे, कुठला मोठा असेल हे आधी ठरवलेलं नव्हतं. आपण नेहमी मोठा व्हेरियन्स वर ठेवतो, म्हणजे दोन टोकांपैकी जे आपल्या बाजूने पडेल ते उचलतो. तेव्हा ३.२९ शी तुलना केली तर चाचणी ५ टक्क्यांची न राहता १० टक्क्यांची होते. ५ टक्क्यांना २.५ टक्क्यांचं टेबल उघडायचं, तिथे ७ आणि ९ ला ४.२० आहे. वरची डिग्री ऑफ फ्रीडम अंशाची, म्हणजे ज्याचा व्हेरियन्स वर ठेवला त्याची. उलटं वाचलं तर ९ आणि ७ ला ४.८२ मिळतं, तीही एक नेहमीची घसरण.

एक्सेलमध्ये याचा घोळ आणखी वाढतो. `F.TEST` हे फंक्शन दोन टोकांची पी व्हॅल्यू देतं. डेटा अ‍ॅनालिसिसमधलं `F-Test Two-Sample for Variances` मात्र एका टोकाची देतं, आणि तुम्ही पहिला म्हणून निवडलेला रकाना मोठा असो वा लहान, तोच अंशात ठेवतं. दोघांचे आकडे वेगळे आले म्हणून घाबरू नका, कोण किती टोकं मोजतो तेवढं पाहा.

तर दुरुस्त एफ २.१०, टेबल ४.२०. पुस्तकाच्या पायऱ्यांप्रमाणे इथे 'व्हेरियन्स समान आहेत' असं लिहून पूल्ड टीकडे वळायचं. मी इथे थांबतो.

८ आणि १० झाडांवरून व्हेरियन्सबद्दल किती कळतं? एफ २.१० ला ४.२० ने भागा, ०.५० मिळेल. २.१० ला ४.८२ ने गुणा, १०.१ मिळेल. खऱ्या व्हेरियन्सच्या गुणोत्तराची ही ९५ टक्के विश्वास-मर्यादा. म्हणजे ब चा खरा व्हेरियन्स अ च्या निम्मा असू शकतो, तसाच दहापटही असू शकतो. एवढ्या रुंद पट्ट्यात 'समान आहेत' असं म्हणायला आधार कुठे आहे? एफ मोठा आला नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे. ब चं प्रमाण विचलन खरोखर अ च्या दुप्पट असतं, तरी एवढ्या झाडांवर ही चाचणी ते निम्म्याहून थोड्या कमीच वेळा पकडते. नाणं उडवण्याइतकंच.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. एफ चाचणी आकडे नॉर्मल वितरणाचे आहेत हे पक्कं धरून चालते, आणि ते थोडंही ढळलं तर ती बिघडते. शेपट्या लांब असतील तर व्हेरियन्स सारखे असूनही ती 'वेगळे' म्हणते. झाडं जास्त घेतली तरी या बाबतीत सुटका होत नाही. टी चाचणी सरासऱ्यांवर चालते, म्हणून ती बरीच सोशिक आहे. संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज बॉक्स यांनी १९५३ मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं होतं: मोठं जहाज बंदरातून सोडण्याइतका समुद्र शांत आहे का हे पाहायला आधी वल्ह्याची होडी समुद्रात लोटावी, तसा हा प्रकार आहे. जिला आधी परीक्षक म्हणून पाठवतो ती नाजूक आणि जिची परीक्षा करतो ती दणकट.

शिवाय एफ पाहून टी निवडली की टीची ५ टक्क्यांची हमी ५ टक्क्यांची राहत नाही. कुठली टी वापरायची हे त्याच आकड्यांनी ठरवलं आणि मग त्याच आकड्यांवर ती लावली, तर दोन पायऱ्यांच्या चुका एकमेकांत मिसळतात. ज्या वेळी एफने फरक पकडायला हवा होता आणि पकडला नाही, नेमक्या त्याच वेळी तुम्ही पूल्ड टी लावता.

पूल्ड टीचं नुकसान कधी होतं, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. दोन्ही गटांत झाडं सारखी असतील, समजा १०-१०, तर व्हेरियन्स थोडे वेगळे असले तरी ती फारशी बिघडत नाही. झाडं कमीजास्त असली की प्रश्न येतो. पूल करताना जास्त झाडांच्या गटाला जास्त वजन मिळतं. लहान गटाचा पसारा मोठा असेल, तर पूल केलेला व्हेरियन्स खाली ओढला जातो, स्टँडर्ड एरर कमी दिसते आणि टी फुगते. मोठ्या गटाचा पसारा मोठा असेल तर उलटं, टी उगाच दबते. तुमच्याकडे ब मध्ये ८ झाडं आणि पसारा ब चाच मोठा. म्हणजे तुम्ही वाईट बाजूला आहात. दोन झाडं मेली नसती तर ही अडचण जवळपास नसतीच.

म्हणून माझी पद्धत अशी: दोन स्वतंत्र गट असतील तर एफ काहीही येवो, वेल्चची टी. ती दोन्ही व्हेरियन्स वेगळे ठेवते. तुमच्या आकड्यांवर ती अशी दिसते. अ चा ०.३६ भागिले १० म्हणजे ०.०३६. ब चा ०.७५४ भागिले ८ म्हणजे ०.०९४३. दोन्हींची बेरीज ०.१३०३, तिचं वर्गमूळ ०.३६१, ही स्टँडर्ड एरर. सरासऱ्यांतला फरक १.०५, त्याला ०.३६१ ने भागलं की टी २.९१. डिग्री ऑफ फ्रीडम मात्र १६ राहत नाहीत. ०.१३०३ च्या वर्गाला (०.०३६ चा वर्ग भागिले ९ अधिक ०.०९४३ चा वर्ग भागिले ७) या बेरजेने भागायचं. उत्तर १२.० येतं. तिथे टेबल २.१८, म्हणजे फरक ५ टक्क्यांना लक्षणीय आहे. फायद्याची ९५ टक्के मर्यादा ०.२६ ते १.८४ ग्रॅम. पूल्डने तीच ०.३२ ते १.७८ आली असती, थोडी अरुंद, पण तो अरुंदपणा न तपासलेल्या गृहीतावर उभा आहे.

जाता जाता, वेगवेगळ्या व्हेरियन्सच्या दोन सरासऱ्यांचा हा प्रश्न आपल्याकडच्या माणसालाही परका नव्हता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९३८ मध्ये याच प्रश्नाच्या फिशर-बेहरन्स पद्धतीची टेबलं केली होती. त्या काळी ती हाताने मांडावी लागत. आज संगणकावर काही ओळींत हे होतं, म्हणून वेल्च टाळायला कारण उरलेलं नाही. आर मध्ये:

```
a <- c(11.2,12.0,11.6,12.4,10.8,11.9,12.1,11.4,12.6,11.0)
b <- c(12.9,11.5,13.6,12.2,13.1,11.9,12.7,14.1)
sum(a); sum(b)      # 117 आणि 102 यायला हवेत
stripchart(list(a, b))
var.test(b, a)
t.test(b, a)        # हीच वेल्च
```

`stripchart` ची ओळ गाळू नका. १७.५ ठेवून एकदा चालवून पाहा, तो ठिपका बाकीच्यांपासून किती लांब जाऊन बसतो ते डोळ्यांना लगेच दिसेल. एक्सेलमध्ये `T.TEST` च्या शेवटच्या जागी ३ दिला की वेल्च, २ दिला की पूल्ड.

गाईड 'आधी एफ, मग टी' असंच लिहा म्हणाले तर? तसं होतं, अनेक विभागांत हीच रीत शिकवली जाते. तेव्हा एफ २.१० (७, ९) टेबल ४.२० सकट लिहा, पूल्ड टी ३.०३ (१६) लिहा आणि खाली वेल्च टी २.९१ (१२) ही द्या. तुमच्या बाबतीत दोन्ही एकच सांगतात, त्यामुळे वाद होणार नाही. दोन्ही वेगवेगळं सांगत असतील, तर मी वेल्चच्या बाजूने उभा राहीन.

दोन गोष्टी मात्र फोटोवरून ठरवता येत नाहीत. पहिली: ही ८ आणि १० झाडं किती वाफ्यांतली आहेत? ब ची सगळी झाडं एकाच वाफ्यातली आणि अ ची शेजारच्या एकाच वाफ्यातली असतील, तर प्रक्रियेचा फरक आणि वाफ्याचा फरक एकमेकांत अडकले आहेत, आणि वेल्च काय किंवा पूल्ड काय, कुठलीच टी ते सोडवणार नाही. तेव्हा प्रत्येक वाफ्याची सरासरी हा एक आकडा धरावा लागतो. फोटोच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात 'वा.' आणि पुढे काहीतरी खोडलेलं दिसतं, ते वहीत नीट पाहा.

दुसरी: आकडा खरोखर ११.५ आहे का? बेरीज आणि अक्षराची लकब माझ्या बाजूने आहेत, तरी फोटो हा पुरावा नव्हे. प्रक्षेत्रावर फोन करून ज्याने वजन केलं त्याला वही उघडून ब रकाना वाचायला सांगा आणि तुम्ही इकडे टाईप केलेल्यावर एकेक टिक करत जा. तो १७.५ म्हणाला आणि बेरीजच चुकली असेल, तर तो आकडा काढून टाकू नका. मग वेल्च टी २.७६, डिग्री ऑफ फ्रीडम ८.३ येते, फरक ५ टक्क्यांना तरीही लक्षणीय राहतो, आणि त्या एका झाडाला इतका दाणा का लागला हे लिहावं लागेल. कडेचं झाड होतं का, शेजारचं झाड मर रोगाने गेल्यामुळे त्याला जागा जास्त मिळाली का, हे वजन करणाऱ्याला आठवत असण्याची शक्यता आहे. फोनवर तेही विचारून घ्या.